अकाउंटंटचा राजीनामा: दीड पानाच्या मसुद्यातून नऊ वाक्यांचे पत्र

एका मध्यम आकाराच्या कंपनीत हिशेब विभागात चार माणसे आहेत: वित्तप्रमुख, एक सिनियर अकाउंटंट आणि दोन सहायक. महिनाअखेरचे क्लोजिंग, बँक जुळवणी, पुरवठादारांची देणी आणि पेरोल ही सगळी कामे सिनियर अकाउंटंटच्या हातून जातात. त्यांना दुसऱ्या कंपनीकडून वरचे पद आणि जास्त पगार देणारे पत्र आले आहे. इथे कोणाशी वाद नाही, तक्रारही मोठी नाही. नियुक्तिपत्रात 30 दिवसांची नोटीस आहे आणि नव्या ठिकाणी 16 नोव्हेंबरला रुजू व्हायचे आहे. आता त्यांना वित्तप्रमुखांच्या नावे राजीनामा लिहायचा आहे.

असे पत्र सोपे वाटते. पण अकाउंटंटच्या राजीनाम्याचे वाचक इतर पदांपेक्षा जास्त असतात. आज तो साहेब वाचतात, उद्या मनुष्यबळ विभाग फाइलला लावतो, आणि काही महिन्यांनी ऑडिटरसुद्धा मागू शकतो. लेखापरीक्षणाच्या आंतरराष्ट्रीय मानकांपैकी आयएसए 240 मध्ये हिशेब विभागातल्या माणसांची मोठ्या प्रमाणावरची ये-जा फसवणुकीच्या जोखमीच्या खुणांमध्ये गणली आहे. म्हणून अकाउंटंट गेला की ‘का गेला’ हा प्रश्न साधा राहत नाही. चार वर्षांनी कागद उघडणाऱ्याला पत्रातून कसलाही गूढ अर्थ लागता कामा नये.

पहिला मसुदा दीड पानाचा झाला होता. त्यात चांगुलपणा भरपूर होता, तरी तो देण्याजोगा नव्हता. सुरुवात अशी होती: ‘गेले काही दिवस मी नोकरी सोडण्याचा विचार करत असून, माझा राजीनामा मंजूर व्हावा ही नम्र विनंती.’ कार्यालयीन मराठीत ही भाषा इतकी रुळली आहे की त्यात काही खटकतही नाही. पण या वाक्यात राजीनामा दिलेलाच नाही. विचार चालू आहे असे म्हटले आहे आणि मंजुरी मागितली आहे. उद्या साहेब म्हणू शकतात की आपण मंजुरी दिली 20 तारखेला, तेव्हा नोटीस तिथून मोजा. ज्या नोकरीत नियमांनुसार मंजुरी लागतेच, तिथे ती जरूर मागावी. पण करारात फक्त नोटीस असेल तर ‘राजीनामा देत आहे’ एवढेच लिहावे आणि शेवटची तारीख स्वतः मोजून घालावी.

पुढे मसुद्यात पगाराची गोष्ट होती: ‘नव्या कंपनीत मला सध्याच्या दीडपट वेतन मिळणार आहे.’ वाक्य खरे होते आणि कारण लपवू नये या भावनेतून आले होते. पण पेरोल करणाऱ्या माणसाने पगाराची तुलना कागदावर आणली की वाचणाऱ्याच्या मनात दुसरा हिशेब सुरू होतो. या बाईंना सगळ्यांचे पगार ठाऊक आहेत. त्या आणखी कोणाशी काय बोलल्या असतील? शिवाय आकडा लिहिणे म्हणजे प्रतिप्रस्तावाला आमंत्रण. साहेबांना तेवढा आकडा वर नेऊन मंजूर करून आणण्याचा मोह होतो, आणि मग नकार देताना कारण पगार नव्हे तर पद होते असे सांगावे लागते. आकडा आणि नव्या कंपनीचे नाव दोन्ही पत्रातून गेले. ‘चांगली संधी’ हे शब्द पुरेसे खरे आहेत. तोंडी विचारले तर कंपनीचे नाव सांगायचे की नाही हे स्वतः ठरवावे. मात्र ती थेट स्पर्धक असेल आणि करारात त्याबद्दल अट असेल, तर ती अट राजीनाम्याआधीच वाचलेली असावी.

तिसरी जागा सगळ्यांत नाजूक होती. मसुद्यात लिहिले होते, ‘माझ्याकडील सर्व हिशेब पूर्ण आणि बिनचूक आहेत.’ जाताना आपण काम नीट ठेवले हे सांगावेसे वाटणे स्वाभाविक आहे. पण हे अकाउंटंटने सही करून दिलेले विधान ठरते. पुढच्या लेखापरीक्षणात एखादी नोंद चुकीच्या खात्यात सापडली, आणि अशा नोंदी प्रत्येक वर्षी सापडतात, तर हेच वाक्य पुढे केले जाईल. हिशेब बरोबर आहेत हे सांगण्याची जागा जुळवणीच्या तक्त्यांत असते. तिथे प्रत्येक आकड्याला तारीख आणि आधार असतो.

त्याच परिच्छेदात उलट्या दिशेचेही एक वाक्य होते: ‘काही खर्चांच्या नोंदीबाबत माझे मत वेगळे होते, पण तो आता इतिहास झाला.’ प्रत्यक्षात हा मतभेद किरकोळ होता. एक दुरुस्तीचा खर्च त्या वर्षीच टाकायचा की मालमत्तेत धरायचा, एवढाच प्रश्न होता आणि तो साहेबांनी ऑडिटरशी बोलून सोडवला होता. पण नाव-गाव नसलेले असे वाक्य राजीनाम्यात दिसले की ऑडिटर थांबणारच. ते काढून टाकले.

इथे एक फरक मनापासून सांगावासा वाटतो. मतभेद किरकोळ नसेल, हिशेबात खरोखर काही गैर असेल, तर तेही राजीनाम्यात सूचकपणे लिहून भागत नाही. व्यावसायिक लेखापालांच्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेत स्पष्ट म्हटले आहे की कायदे-नियमांचा भंग दिसला असता नोकरी सोडणे हा आवश्यक त्या इतर कृतींना पर्याय ठरत नाही. अशी बाब वरिष्ठांकडे, लेखापरीक्षण समितीकडे किंवा ठरलेल्या मार्गाने, पुराव्यासह, वेगळी आणि शक्यतो राजीनाम्याच्या आधी मांडायची असते. चांगल्या संधीसाठी दिलेले पत्र त्याचे वाहन होऊ शकत नाही.

मसुद्याच्या उरलेल्या भागात अर्धवट कामांची यादी होती: न वटलेले धनादेश, ओळख न पटलेल्या दोन जमा रकमा, एका पुरवठादाराच्या खात्यातला फरक. ही माहिती मोलाची आहे, पण ती हँडओव्हर टिपणात जायला हवी. राजीनामा मनुष्यबळ विभागाच्या फाइलमध्ये राहतो. तिथे पुरवठादारांची नावे आणि फरकांचे आकडे जाण्याचे कारण नाही. आणि ज्याला ही यादी लागणार, त्या नव्या माणसाला ती फाइल कधीच दिसणार नाही.

शेवटी एक वचन होते: ‘सोडल्यानंतरही केव्हाही फोन करा, मी उपलब्ध असेन.’ नव्या नोकरीच्या पहिल्या क्लोजिंगला जुन्या कार्यालयाचे फोन येऊ लागले की हे वचन दोन्हीकडे अडचणीचे होते, कारण तोवर कंपनीच्या आकड्यांवर बोलण्याचा अधिकारही उरलेला नसतो. हेही गेले.

आता तारीख. कंपनीची पुस्तके पुढच्या महिन्याच्या पाचव्या कामाच्या दिवशी बंद होतात. सप्टेंबरचे, म्हणजे तिमाहीचे, क्लोजिंग 2 ऑक्टोबरची सुट्टी सोडून मोजता गुरुवार 8 ऑक्टोबरला संपले. क्लोजिंग चालू असताना राजीनामा दिला तर साहेबांचे लक्ष आकड्यांवरून उडते आणि पत्राकडेही ते नीट पाहत नाहीत. म्हणून 9 ऑक्टोबर, शुक्रवार, सकाळची वेळ निवडली. सकाळ अशासाठी की बोलणे त्याच दिवशी व्हावे. संध्याकाळी पत्र दिले तर साहेब ते दोन दिवस मनात घेऊन बसतात.

नोटीस पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजायची, असे करारात आहे. 10 ऑक्टोबर हा पहिला दिवस धरला तर ऑक्टोबरचे 22 दिवस होतात आणि तिसावा दिवस 8 नोव्हेंबरला, रविवारी येतो. इथे सहज होणारी चूक म्हणजे आधीचा शुक्रवार शेवटचा दिवस म्हणून लिहिणे. त्याने नोटीस दोन दिवसांनी कमी पडते आणि त्या दिवसांचा पगार कापला जाऊ शकतो. सोमवार 9 नोव्हेंबर लिहिला की प्रश्न मिटतो. त्यात दुसरा फायदाही आहे: ऑक्टोबरच्या क्लोजिंगचा पाचवा कामाचा दिवस शुक्रवार 6 नोव्हेंबर आहे, म्हणजे पुस्तके बंद झाल्यावर एक मोकळा दिवस कागद आणि अधिकार सोपवायला मिळतो. करारात ‘30 दिवस’ आहे, ‘एक महिना’ आहे की ‘कामाचे 30 दिवस’ आहेत, हे शब्दशः पाहावे. तिन्हींची तारीख वेगळी येते.

हे सगळे गाळून आणि मोजून उरले ते पत्र असे:

दिनांक: 9 ऑक्टोबर 2026
प्रति, वित्तप्रमुख
विषय: सिनियर अकाउंटंट पदाचा राजीनामा

आदरणीय सर,

सिनियर अकाउंटंट या पदाचा मी राजीनामा देत आहे. नियुक्तिपत्रातील 30 दिवसांच्या नोटिशीनुसार सोमवार, 9 नोव्हेंबर 2026 हा माझ्या कामाचा शेवटचा दिवस असेल.

मला पुढच्या जबाबदारीची एक चांगली संधी मिळाली असून ती मी स्वीकारली आहे.

ऑक्टोबरच्या क्लोजिंगमधले माझ्याकडचे काम मी 6 नोव्हेंबरपर्यंत पूर्ण करीन. हँडओव्हर टिपण 23 ऑक्टोबरपर्यंत आपल्याला देईन, म्हणजे या क्लोजिंगला ते माझ्यासमोरच वापरून पाहता येईल. माझे काम कोणाकडे द्यायचे हे आपण ठरवलेत की त्यांच्यासोबत बसून मी ते समजावून देईन.

नवी हिशेब प्रणाली घेतली तेव्हा जुन्या खात्यांची मांडणी आपण माझ्यावर सोपवलीत आणि अडेल तिथे शेजारी बसून वाट दाखवलीत. तेव्हा शिकलेले मला पुढेही उपयोगी पडणार आहे. आपले आणि विभागातल्या सगळ्यांचे मनापासून आभार.

आपली विश्वासू,
(सही)

कामाची माहिती पहिल्या दोन वाक्यांतच संपते. मनुष्यबळ विभागाला तेवढीच लागते. तिसऱ्या वाक्यातले ‘स्वीकारली आहे’ महत्त्वाचे आहे. ‘संधी मिळत आहे’ किंवा ‘मिळण्याची शक्यता आहे’ असे लिहिले तर बोलणी अजून चालू आहेत असा अर्थ निघतो. अर्थात हे वाक्य लिहिण्याचा हक्क तेव्हाच, जेव्हा नव्या कंपनीचे सही झालेले पत्र हातात आहे आणि त्यातल्या अटी, उदाहरणार्थ पूर्वीच्या नोकरीची चौकशी, पुऱ्या झाल्या आहेत. तोंडी होकारावर हे पत्र देऊ नये.

क्लोजिंगबद्दल ‘माझ्याकडचे काम’ असे मुद्दाम म्हटले आहे. पूर्ण क्लोजिंगचे वचन दिले असते तर इतर विभागांची बिले उशिरा आल्यावर ते मोडले असते. आपल्या हातात आहे तेवढेच द्यावे. टिपणाची 23 ऑक्टोबर ही तारीखही विचारपूर्वक आहे. शेवटच्या दिवशी दिलेले टिपण कोणी वापरून पाहत नाही, आणि त्यातली भोके माणूस गेल्यावर कळतात. दोन आठवडे आधी दिले की सहायक त्यावरून ऑक्टोबरचे क्लोजिंग करून पाहतात आणि जिथे अडतात तिथे विचारतात.

पत्राची ऊब शेवटच्या परिच्छेदात आहे, आणि ती एकाच प्रसंगातून आली आहे. ‘आपल्या मोलाच्या मार्गदर्शनाबद्दल मी ऋणी राहीन’ हे कोणीही कोणालाही लिहू शकते. खात्यांची मांडणी सोपवणे आणि शेजारी बसणे हे याच साहेबांचे. आठवण एकच निवडावी. तीन लिहिल्या की पत्र निरोपाचे भाषण होते. आणि अशी एकही खरी आठवण नसेल तर साधे आभार पुरतात. खोटी ऊब वाचणाऱ्याला लगेच कळते.

पत्र देण्याचा क्रम असा ठरला: आधी पाच मिनिटे प्रत्यक्ष बोलणे, मग सही केलेली प्रत हातात, मग तेच पत्र ईमेलने साहेबांना आणि मनुष्यबळ विभागाला. छापील प्रतीवर मिळाल्याची सही आणि तारीख घेतली. नोटीस मिळाल्यापासून मोजायची असल्याने ती तारीखच आधार असते. सहायकांना मात्र आधी काही सांगितले नव्हते. साहेबांना ही बातमी दुसऱ्याकडून कळली तर पत्रातली सगळी ऊब वाया जाते.

साहेबांनी दोन गोष्टी विचारल्या. पगार वाढवला तर थांबाल का, आणि नाही तर नोव्हेंबरअखेरपर्यंत तरी थांबाल का. पहिल्याला उत्तर एका वाक्याचे होते: ‘सर, तुम्ही विचारलेत याचे बरे वाटले, पण मी तिकडे होकार दिला आहे.’ इथे कारणे देत बसले की प्रत्येक कारणावर तोडगा सुचवला जातो. दुसऱ्या मागणीत तथ्य होते, कारण नोव्हेंबरचा पेरोल अडणार होता. 16 तारखेला रुजू व्हायचे असल्याने मुदत वाढवता येत नव्हती. त्याऐवजी ऑक्टोबरचा पेरोल सहायकाने करायचा आणि त्यांनी फक्त तपासायचा, असे ठरले. म्हणजे नोव्हेंबरचा पेरोल सहायकाचा दुसरा असेल. हे त्याच दिवशी ईमेलवर तीन ओळींत लिहून घेतले. मूळ पत्र बदलले नाही.

टिपणात सर्वांत आधी काय लिहावे याबद्दल आमचे मत ठाम आहे: ज्या गोष्टी प्रणालीत दिसत नाहीत त्या. बँक जुळवणी कोणीही उघडून पाहू शकतो. पण बिल न आलेल्या खर्चाची तरतूद हाताने केली असेल तर ती पुढच्या महिन्याच्या पहिल्या दिवशी उलटवायची आहे, हे फक्त करणाऱ्यालाच माहीत असते. ऑक्टोबरअखेर विजेच्या खर्चाची अंदाजे नोंद केली, नोव्हेंबरमध्ये ती उलटवली नाही आणि मग खरे बिलही नोंदवले, तर तोच खर्च दोनदा पडतो आणि देणी फुगतात. तेरीज तरीही जुळते, कारण नावे-जमा दोन्ही वेळा समान आहेत. म्हणून ही चूक महिनोन् महिने लपते. टिपणात अशा प्रत्येक नोंदीपुढे खाते, रक्कम कशी काढली आणि उलटवण्याची तारीख लिहिली. त्यानंतर अनामत खात्यातल्या त्या दोन जमा रकमा, कोणाला विचारून झाले आणि कोणाचे उत्तर बाकी आहे यासह. पासवर्ड ना पत्रात लिहिले ना टिपणात.

स्वतः तयार केलेले एक्सेलचे तक्ते हा मोहाचा विषय असतो. जुळवणीचा छान तक्ता आपणच बांधलेला असतो आणि नव्या ठिकाणी तो लागणारही असतो. तरी तो कंपनीचा आहे, आणि त्यात पुरवठादारांची व बँकेची माहिती आहे. नोटिशीच्या काळात स्वतःच्या ईमेलवर पाठवलेली एक फाइल प्रणालीच्या नोंदीत दिसते आणि चांगल्या निरोपाचा विचका करते. आचारसंहितेनुसार गोपनीयतेचे बंधन नोकरी संपल्यावरही राहते. अनुभव सोबत नेता येतो, माहिती नाही. तक्ता कसा बांधायचा हे डोक्यात असतेच, तो नव्याने बांधावा.

काही कंपन्या अकाउंटंटचा राजीनामा आला की त्याच तासाला बँकेचे आणि प्रणालीचे अधिकार काढून घेतात आणि नोटिशीचा काळ घरी काढायला सांगतात. तो अपमान समजू नये. पैसे हलवू शकणाऱ्या पदासाठी ही सावधगिरी रास्त आहे. तसे झाले तर पत्रातली क्लोजिंगची आणि टिपणाची वाक्ये आपोआप मागे पडतात, त्यासाठी नवे पत्र लागत नाही. ही शक्यता असल्यामुळेच टिपणाचा कच्चा आराखडा 9 ऑक्टोबरपूर्वी कंपनीच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवलेला होता.

या प्रकरणात अधिकार शेवटपर्यंत राहिले, त्यामुळे ते काढून घेतल्याची नोंद त्यांनी स्वतःच मागितली. बँकेच्या ऑनलाइन व्यवहारात देणी तयार करण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता. तो 9 नोव्हेंबरला किती वाजता बंद झाला हे मनुष्यबळ विभागाने आणि साहेबांनी ईमेलने कळवले. तो चालू राहिला असता तर त्यांच्या नावाने पुढे झालेल्या कोणत्याही व्यवहाराचा प्रश्न त्यांच्यापर्यंत आला असता.

राहिला त्यांचा स्वतःचा अंतिम हिशेब: शिल्लक रजा, प्रवासखर्चाची बिले, 9 दिवसांचा पगार. पेरोल त्यांच्याच हातात असल्याने तो बनवणे त्यांना सर्वांत सोपे होते, आणि म्हणूनच त्यांनी त्याला हात लावला नाही. रजेची नोंद मनुष्यबळ विभागाने दिली, हिशेब सहायकाने केला, मंजुरी साहेबांनी दिली. प्रवासखर्चाची बिले त्यांनी 30 ऑक्टोबरलाच जमा केली होती, म्हणजे ती ऑक्टोबरच्या पुस्तकांतच बसली आणि अंतिम हिशेबात फक्त रजा आणि पगार हे दोनच आकडे राहिले.